स्वमूल्यमापनातली 'उल्लेखनीय कामगिरी, उदाहरणांसह' ही चौकट स्टाफ नर्सने कशी भरावी?

मनवा_स्टाफ

नमस्कार मंडळी. मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म हातात पडलाय. बाकीचे रकाने खुणा करण्यापुरते आहेत, पण एक अर्ध्या पानाची चौकट आहे: 'वर्षभरातील उल्लेखनीय कामगिरी, उदाहरणांसह.' माझं घोडं तिथेच अडतं.

गेल्या वर्षी मी लिहिलं होतं: "सर्व रुग्णांची मनापासून सेवा केली. वरिष्ठांच्या सूचनांचे पालन केले. सहकाऱ्यांशी सलोख्याने वागले." शेरा आला 'समाधानकारक'. बाजूच्या मैत्रिणीनेही जवळजवळ हेच लिहिलं होतं, तिलाही तोच शेरा. मॅडमनी वाचलं तरी का, अशी शंका आली. पण आता स्वतःच वाचते तेव्हा वाटतं, यात वाचण्यासारखं होतं काय?

या वर्षी थोडंफार केलंय. सलाइनच्या सुईच्या जागा लाल होतात, सुजतात, त्यावर वॉर्डमध्ये काम केलं. नवीन आलेल्या मुलींना शिकवलं. रात्रपाळीला एका पेशंटची तब्येत बिघडतेय हे वेळेत लक्षात आलं. हात धुण्याच्या मोहिमेत होते. एबीजी रिपोर्ट वाचायला शिकले. हे सगळं लिहू का? कसं लिहू? 'मी हे केलं, मी ते केलं' लिहिताना फार बढाई मारल्यासारखं वाटतं.

पाठमोरा

मी हॉस्पिटलवाला नाही, आयटीतला आहे. पण दरवर्षी बारा-पंधरा जणांचे असले फॉर्म वाचतो. एकच मंत्र सांगतो: आकडा, आकडा, आकडा. परिस्थिती काय होती, तुमच्याकडे काय काम आलं, तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला. निकाल टक्क्यांत. टक्का दिसला की वाचणारा थांबतो. बढाईचं म्हणाल तर तुम्ही नाही सांगितलं तर दुसरं कोण सांगणार?

जुनी_इन्चार्ज

अगं मनवा, पाचही गोष्टी लिहू नकोस. अर्ध्या पानात पाच गोष्टी बसवल्या की प्रत्येकीची एक ओळ होते, आणि एका ओळीत कोणीही काहीही लिहू शकतं. मी बरीच वर्षं समोरच्या खुर्चीत बसून हे फॉर्म वाचलेत. 'हात धुण्याच्या मोहिमेत सहभाग' वाचून मला एवढंच कळायचं की त्या दिवशी ही ड्युटीवर होती.

सुईचं आणि रात्रीच्या पेशंटचं, एवढी दोनच घे. त्यातलं सुईचं आधी इथे सविस्तर सांग. बढाई नको वाटत असेल तर अगदी पोलिसाला सांगतात तसं सांग. आधी काय दिसत होतं, कुणी मोजलं, तू काय बदललंस, नंतर काय दिसलं आणि हे सगळं कुठल्या वहीत आहे. विशेषणं सगळी काढून टाक, 'मनापासून' सकट.

सुरेखा_कि

बायोडाटात हे सगळं कशाला? मुलाखतीला जाताना अनुभव, रजिस्ट्रेशन नंबर आणि कुठल्या वॉर्डला किती वर्षं एवढं पुरतं. माझ्या भाचीने एका पानात बसवला होता, लगेच बोलावणं आलं.

मनवा_स्टाफ

@सुरेखा_कि, ताई, नवीन नोकरीसाठी नाही हो. आहे त्याच ठिकाणचं वार्षिक मूल्यमापन आहे. पण धन्यवाद.

@जुनी_इन्चार्ज, मॅडम, सांगते. थोडं लांबेल.

आमच्या वॉर्डच्या रजिस्टरमध्ये फ्लेबायटिसच्या महिन्याला दोन-तीन नोंदी असायच्या. पण राउंडला प्रत्यक्ष हात बघितले की लाल जागा त्याहून जास्त दिसायच्या. पेशंटने 'फार दुखतंय' म्हटलं तरच नोंद व्हायची, नाहीतर सुई काढून दुसरीकडे लावायची आणि विषय संपला. मग इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर आणि मी दोन महिने काहीही न बदलता फक्त मोजायचं ठरवलं. रोज प्रत्येक सुईची जागा बघायची, व्हिप स्कोअर लिहायचा. दुखणं, लाली, सूज यातली दोन लक्षणं एकत्र दिसली की स्कोअर २, म्हणजे सुई काढायचीच.

त्या दोन महिन्यांत १६० सुया लागल्या, त्यातल्या १९ जागा स्कोअर २ किंवा वर गेल्या. यादी पुढे घेऊन बसले तर दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. १९ पैकी ८ पेशंटना त्याच सुईतून व्हॅन्कोमायसिन चालू होतं. आणि ६ सुया कोपराच्या खळगीत होत्या. तिथे शीर ठसठशीत मिळते, घाईत सगळे तिथेच टोचतात. पण पेशंटने हात दुमडला की आत सुई हलते.

व्हॅन्कोमायसिनचं बघितलं तर आमच्याकडे १ ग्रॅम १०० मिलीमध्ये घालून अर्ध्या तासात सोडायची सवय पडली होती. फार्मसिस्टशी बोलले. ते म्हणाले, हे फार घट्टही होतं आणि फार जोरातही जातं. एका मिलीत ५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नको. म्हणजे १ ग्रॅमला निदान २०० मिली आणि १०० मिनिटं. डॉक्टरांना विचारून वॉर्डसाठी २५० मिली ठरवलं. ज्यांना पाणी मोजून द्यायचं असतं त्यांच्याबाबतीत डॉक्टर वेगळं ठरवतात, सेंट्रल लाइन असली तर तीच वापरतात. औषधाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला.

सुईचं म्हणाल तर, शक्य तिथे कोपराऐवजी मनगटाच्या वर, हाताच्या पुढच्या भागात लावायची. ड्रेसिंगवर तारीख, वेळ, सुईचा नंबर आणि सही. पाळी बदलताना दोघींनी मिळून जागा बघायची. बास.

पुढच्या तीन महिन्यांत २४० सुया, त्यात १२ जागा स्कोअर २ किंवा वर. त्यातल्या २ व्हॅन्कोमायसिनवाल्या.

पाठमोरा

अहो हे तर सोनं आहे! १२ टक्क्यांवरून ५ टक्के. सरळ लिहा: 'फ्लेबायटिसचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटवले.' पहिल्या ओळीत, ठळक.

आकडेमोड

पाठमोरा, गणित बरोबर आहे, पण मी हे वाक्य लिहिणार नाही. '५८ टक्के घट' वाचून कळत नाही की शंभरावरून बेचाळीसवर आले की सातावरून तीनवर. १६० पैकी १९ आणि २४० पैकी १२ असं लिहिलं की वाचणारा स्वतः हिशेब करतो आणि लपवाछपवीला जागा राहत नाही. एवढ्या लहान आकड्यांत दोन-चार केस इकडच्या तिकडे झाल्या तरी टक्का उड्या मारतो.

मनवाताई, आता खरी शंका. तुम्ही भागाकार सुयांच्या संख्येने करताय. समजा नव्या नियमानंतर सगळ्याजणी धसका घेऊन दोन दिवसांतच सुई बदलायला लागल्या. मग एकाच पेशंटला दोनाऐवजी चार सुया लागतील, खालचा आकडा फुगेल आणि टक्का आपोआप कमी दिसेल. पेशंटला मात्र जास्त वेळा टोचणं सोसावं लागेल. असं झालं नाही कशावरून?

मनवा_स्टाफ

बाप रे, हा विचारच केला नव्हता. सुई किती दिवस राहिली हे नंतरच्या तीन महिन्यांचं सांगता येईल, कारण ड्रेसिंगवर तारीख आहे आणि काढल्याची नोंद आहे. पण आधीच्या दोन महिन्यांत तारखाच लिहीत नव्हतो. तेव्हाचे दिवस कुठून आणू?

आकडेमोड

आणू नका, नाहीत तर नाहीत. पण उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. आधी दोन महिन्यांत १६०, म्हणजे महिन्याला ८०. नंतर तीन महिन्यांत २४०, म्हणजे परत महिन्याला ८०. पेशंटची संख्या साधारण तेवढीच असेल तर सुया वाढलेल्या नाहीत, म्हणजे उगाच बदलण्याचा प्रकार झालेला नाही. दोन्ही काळातले ॲडमिशनचे आकडे वॉर्डच्या रजिस्टरमधून घ्या आणि बाजूला लिहा. कुणी विचारलंच तर उत्तर तयार.

जुनी_इन्चार्ज

आकडेमोड, नर्सिंगमध्ये होतात का कधी? हा प्रश्न आमच्याकडे मोजके लोक विचारतात. अवांतर: आमच्या काळी ७२ तास झाले की जागा चांगली असली तरी सुई बदलायची असा दंडक होता. आता बऱ्याच ठिकाणी मोठ्या माणसांत लक्षणं दिसली किंवा गरज संपली तरच काढतात. म्हणून रोज जागा बघणं जास्त महत्त्वाचं झालं. बघितलंच नाही तर लक्षणं दिसणार कुणाला?

मनवा, एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली का? रजिस्टरमध्ये पूर्वी महिन्याला दोन-तीन नोंदी, आणि तू मोजायला लागल्यावर महिन्याला नऊ-दहा. वरवर बघणाऱ्याला वाटेल की तू आलीस आणि फ्लेबायटिस तिप्पट झाला. वरच्या ऑफिसात महिन्याचा तक्ता जातो, तिथे ही उडी दिसलेली असणारच. ती तू स्वतः सांग. 'आधी तक्रार आली तरच नोंद होत होती, रोज तपासणी सुरू केल्यावर नोंदी वाढल्या' हे एक वाक्य घालच.

निशिगंध_आरएन

मी असहमत. मूल्यमापनाच्या कागदावर वॉर्डची नोंद आधी अपुरी होती असं लिहायचं? म्हणजे आधीच्या इन्चार्जच्या डोक्यावर खापर. तीच बाई उद्या तुमचा फॉर्म वाचणार असेल तर? माझा सरळ नियम आहे, कमी दाखवणारं काहीही लेखी द्यायचं नाही. तोंडी विचारलं तर सांगायचं. चुका, निअर मिस, काही काही लिहायचं नाही.

जुनी_इन्चार्ज

निशिगंध, खापर फोडायचं नाही हे बरोबर. 'नोंद अपुरी होती' असं लिहूच नये. 'नोंदीची पद्धत बदलली' एवढंच लिहावं. पण निअर मिस लिहू नये हे मला पटत नाही. समजा दोन सारख्या दिसणाऱ्या ॲम्प्युल एकाच ट्रेमध्ये आल्या, तुम्ही भरण्याआधी लेबल वाचून बाजूला केल्या, रिपोर्ट भरला आणि त्या दोन ॲम्प्युल कपाटात वेगळ्या खणात गेल्या. पेशंटपर्यंत काही पोचलंच नाही. यात लपवण्यासारखं काय? तुम्ही पकडलं आणि जागा बदलली, ही कामगिरीच झाली.

निशिगंध_आरएन

तुमच्याकडे इन्चार्ज तशा असतील मॅडम. आमच्याकडे रिपोर्ट भरणाऱ्यालाच 'का झालं' म्हणून विचारतात. जिथे तसं वातावरण आहे तिथे मी माझ्या मुलींना लिही म्हणून सांगणार नाही.

जुनी_इन्चार्ज

हं. तसं असेल तर मी जोर करत नाही.

रातराणी_७

मला यातलं काहीच जमत नाही. माझ्या वाट्याला सतत रात्रपाळी. मोहीम, मीटिंग, ट्रेनिंग सगळं दिवसा. वर्षाच्या शेवटी माझ्याकडे दाखवायला एक कागद नसतो. रात्री तीन वाजता मी काय केलं ते कुणी बघितलंय? मनवा, तुझं ते रात्रीच्या पेशंटचं लिही ना. निदान बघू तरी.

मनवा_स्टाफ

लिहिते. साठीकडे झुकलेले पेशंट, पायाच्या सेल्युलायटिससाठी ॲडमिट, डायबिटीस. रात्री दहाला बघितलं तेव्हा श्वास मिनिटाला २०, नाडी ९६, वरचं बीपी ११८, ताप ३७.८, ऑक्सिजन ९६. गप्पा मारत होते. दोनच्या सुमाराला राउंड घेताना ते जागे होते, 'थोडं गळून गेल्यासारखं वाटतंय' म्हणाले. मॉनिटरवर ऑक्सिजन ९६च, म्हणून वरवर सगळं ठीक. पण मी हात ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजला तर २६. नाडी ११२, बीपी १०४, ताप ३८.२. डॉक्टरांना फोन केला, ते आले, रक्त घेतलं, लॅक्टेट वाढलेलं आलं, सलाइन आणि अँटिबायोटिक बदलून दिलं आणि साडेतीनपर्यंत आयसीयूत हलवलं. चार दिवसांनी परत वॉर्डला आले.

मी कच्च्या मसुद्यात लिहिलंय: 'प्रसंगावधान राखून रुग्णाचे प्राण वाचवले.'

जुनी_इन्चार्ज

ते वाक्य आधी खोड. प्राण कुणी वाचवले हे ठरवायला पाच माणसं भांडतील आणि त्यातले तीन डॉक्टर असतील. पण तू जे केलंस ते तुझ्याशिवाय कुणी केलेलं नाही, आणि ते त्या वाक्यात कुठेच आलेलं नाही. तू श्वास मोजलास. पूर्ण मिनिट.

रातराणी, तूही ऐक. कुठल्याही वॉर्डचा रात्रीचा चार्ट उघडून बघ. श्वासाच्या रकान्यात सगळ्यांच्या पुढे १८, २०, १८, २०. वीस पेशंट एकाच लयीत श्वास घेत झोपलेत जणू. बीपी, नाडी, ऑक्सिजन मशीन सांगतं, श्वास मात्र उभं राहून मोजावा लागतो, म्हणून तोच अंदाजे भरला जातो. आणि पेशंट बिघडताना पुष्कळदा पहिल्यांदा तोच वाढतो. ऑक्सिजन टिकून असतो कारण माणूस जोराने श्वास घेऊन तो टिकवत असतो.

मनवा, तुमच्याकडे न्यूज स्कोअर भरतात का?

मनवा_स्टाफ

हो, चार्टच्या खालच्या ओळीत बेरीज असते. दहाला १ होता. दोनला ७.

जुनी_इन्चार्ज

मग झालं की. दहाला नाडीचा १, बाकी शून्य. दोनला श्वासाचे ३, नाडीचे २, बीपीचा १, तापाचा १. आणि यातली गंमत बघ. श्वासाच्या जागी तू सवयीने २० लिहिलं असतंस तर बेरीज ४ आली असती. ७ ला तातडीने बोलवायचं असतं, ४ ला 'जरा लक्ष ठेवा, परत मोजा' इतकंच. म्हणजे त्या एका मिनिटाने पेशंट एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेला. हे लिही. वेळा घाल: किती वाजता मोजलं, किती वाजता फोन, किती वाजता डॉक्टर, किती वाजता हलवलं. सगळ्या वेळा नर्सेस नोट्समध्ये असतीलच.

मनवा_स्टाफ

आहेत. २.१० ला मोजलं, २.१५ ला फोन, २.३५ ला डॉक्टर आले, ३.३० ला हलवलं.

रातराणी_७

माझ्याकडे असे निदान दोन-तीन पेशंट झालेत या वर्षी. पण नोट्स मेडिकल रेकॉर्डला गेल्या. आता कुठून काढू? आणि काढल्या तरी पेशंटचा कागद मूल्यमापनाला जोडायचा का?

जुनी_इन्चार्ज

जोडायचा नाही. पेशंटचं नाव, आयपी नंबर, बेड नंबर, काहीच फॉर्मवर नको. फोटो तर मुळीच नको, मोबाइलवर चार्टचा फोटो काढून ठेवणाऱ्या मुली मी बघितल्यात. महिना आणि वॉर्ड एवढं लिहिलं की ज्यांना तपासायचा अधिकार आहे ते रेकॉर्डमधून काढून बघतील. तुझ्यासाठी सांगायचं तर यापुढे स्वतःची एक छोटी वही ठेव. तारीख, वेळ, स्कोअर किती होता, किती झाला, कुणाला कळवलं. पेशंटची ओळख न घालता चार ओळी. झालेल्यांचं म्हणशील तर इन्चार्जला विचार, रात्रीच्या शिफ्टिंगची नोंद ओव्हर बुकमध्ये सापडेल.

वृंदा_ओटी

ओटीवाल्यांनी काय करायचं? आमच्याकडे पेशंट झोपलेला, चार तासांनी बाहेर. न्यूज नाही, सुया भूलवाले लावतात. मी तीन वर्षं 'स्वॅब काउंट अचूक ठेवला' लिहितेय. तो अचूक ठेवायचाच असतो हो, त्यात कामगिरी कसली?

आकडेमोड

सगळं बरोबर झालं तर दाखवायला काही नाही, हीच अडचण आहे. काउंट जुळला नाही तेव्हा काय झालं, हे कुठे लिहिलेलं असतं का?

वृंदा_ओटी

असतं. जुळला नाही तर परत मोजायचं, शोधायचं, नाही सापडला तर एक्सरे. तसं माझ्या पाळीत झालंय, गॉज ड्रेपच्या घडीत सापडला. त्यानंतर आम्ही मोजणीची वेळ बदलली, म्हणजे बोलावणं आलं की मध्येच माणूस बदलायचा ते बंद केलं. पण निशिगंध म्हणते तसं, हे लिहिलं तर उलटंच बसेल अशी भीती आहे.

मनवा_स्टाफ

मसुदा टाकतेय. बघा आणि कापाकापी करा.

"१. शिरेतील सुईच्या जागेचा दाह: इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर व मी मिळून वॉर्डमधील प्रत्येक सुईची जागा रोज तपासून स्कोअर लिहिण्याची पद्धत सुरू केली. नोंदीची पद्धत बदलल्याने सुरुवातीला मासिक आकडा वाढलेला दिसतो. पहिल्या दोन महिन्यांत १६० पैकी १९ सुयांच्या जागी स्कोअर २ किंवा अधिक होता. त्यांपैकी ८ रुग्णांना व्हॅन्कोमायसिन चालू होते व ६ सुया कोपराच्या खळगीत होत्या. फार्मसिस्ट व डॉक्टरांशी चर्चा करून व्हॅन्कोमायसिन १ ग्रॅम २५० मिलीमध्ये, किमान १०० मिनिटांत देण्याचे ठरले. सुईची जागा निवडणे, तारीख लिहिणे व पाळी बदलताना दोघींनी तपासणे हे मी वॉर्डमधील सर्व पाळ्यांना दाखवले. पुढील तीन महिन्यांत २४० पैकी १२ जागी स्कोअर २ किंवा अधिक होता, त्यांपैकी व्हॅन्कोमायसिनचे २. दोन्ही काळांत महिन्याला सरासरी ८० सुया लागल्या. सुई किती दिवस राहिली याची नोंद पहिल्या काळात नसल्याने तुलना करता येत नाही. नोंद: वॉर्डचे आयव्ही रजिस्टर.

२. बिघडणारा रुग्ण ओळखणे: रात्रपाळीत एका रुग्णाचा न्यूज स्कोअर चार तासांत १ वरून ७ झाला. ऑक्सिजन ९६ असतानाही श्वास पूर्ण मिनिट मोजल्यावर २६ आढळला. २.१० ला नोंद, २.१५ ला डॉक्टरांना कळवले, २.३५ ला तपासणी, ३.३० ला आयसीयूत. त्यानंतर नवीन तीन सिस्टरना श्वास पूर्ण मिनिट मोजण्याचा सराव रात्रपाळीत करून घेतला."

पाठमोरा

माघार घेतो. हे ५८ टक्क्यांपेक्षा जड वाटतं. फक्त 'तुलना करता येत नाही' हे वाक्य काढा ना, स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा.

आकडेमोड

ते ठेवाच. ते वाचून मला बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसला.

निशिगंध_आरएन

'मासिक आकडा वाढलेला दिसतो' मला अजूनही खटकतंय. बाकी छान. फार्मसिस्टचं श्रेय दिलंस ते आवडलं, आमच्याकडे सगळे 'मी'च लिहितात.

जुनी_इन्चार्ज

दोनच दुरुस्त्या. 'सर्व पाळ्यांना दाखवले' मध्ये कसं दाखवलं ते सांग. ओव्हर देताना पाच मिनिटं, की वर्ग घेतला? आणि जे १२ उरले त्यांचं पुढे काय? 'पुढील वर्षी' असा रकाना फॉर्मला असेल तर तिथे हेच घाल. दोन व्हॅन्कोमायसिनचे सोडले तर बाकी दहा कशामुळे, हे तुला माहीत आहे का?

मनवा_स्टाफ

ओव्हरच्या वेळी, पेशंटच्या हाताजवळ उभं राहून दाखवलं. तसंच लिहिते. दहापैकी तीन फेनिटॉइनचे आहेत, ते मला माहीत आहे. ते नॉर्मल सलाइनमध्येच देतो, तरी शीर धरते. बाकी सात विखुरलेले, त्यात एकसारखं काही सापडलं नाही. पुढच्या रकान्यात फेनिटॉइन लिहू?

जुनी_इन्चार्ज

लिही. फेनिटॉइननंतर सलाइनने फ्लश किती मिलीने करता आणि कुठल्या शिरेत देता, ते महिनाभर फक्त बघ. लगेच काही बदलू नकोस, मागच्या वेळेसारखं आधी मोज.

रातराणी_७

मनवा, ते आयव्ही रजिस्टरचे रकाने कसे आखलेत ते टाकशील का? आमच्याकडे नुसती कोरी वही आहे.

मनवा_स्टाफ

आडवी रेघ एका सुईला एक. सुई लावल्याची तारीख-वेळ, हात डावा-उजवा आणि जागा, सुईचा नंबर, त्यातून चालू असलेली औषधं, मग रोजचा स्कोअर प्रत्येक पाळीला एक खाना, शेवटी काढल्याची तारीख आणि कारण. पेशंटच्या नावाऐवजी आम्ही वॉर्डचा अनुक्रमांक घालतो. 'कारण' रकान्यात 'गरज संपली', 'स्कोअर', 'निघून आली', 'बंद पडली' एवढे चारच पर्याय ठेवलेत, नाहीतर प्रत्येकजण वेगळं लिहितं आणि महिनाअखेर मोजता येत नाही.

वृंदा_ओटी

'निघून आली' किती निघतात तुमच्याकडे? सहज विचारतेय, आमच्याकडून चिकटवून पाठवलेल्या वॉर्डला पोचेपर्यंत निम्म्या सैल झालेल्या असतात म्हणे.

मनवा_स्टाफ

हा हा, त्याचा वेगळा धागा काढावा लागेल. उद्या रजिस्टर बघून सांगते.